स्कॅन केलेल्या मतदार यादीतून काय हाती लागतं, काय लागत नाही

निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यातली दोन-चार शिकलेली पोरं लॅपटॉप घेऊन बसतात. जुनी यादी, नवी यादी, दोन्हींच्या पीडीएफ उतरवायच्या, कुठल्या तरी प्रोग्रॅममधून अक्षरं काढायची, एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावायची आणि कोणाचं नाव गळालं ते पाहायचं. हेतू चांगलाच आहे. संध्याकाळपर्यंत आकडाही तयार होतो, रात्री तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो : "आपल्या बूथवरून सहाशे नावं गायब!" दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच 'गायब' यादीतला एक जण नव्या यादीत अनुक्रमांकासह दाखवून देतो, आणि ज्या वीस-पंचवीस जणांची नावं खरोखर गेलेली असतात त्यांचंही मग कोणी ऐकत नाही. म्हणून या कामात नव्यानं पडणारी मुलं मला जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची माझ्या परीनं उत्तरं इथं एकत्र लिहितो आहे.

यादी संगणकावर दिसते, मग तिच्यात नाव शोधता का येत नाही?

कारण तुम्ही पाहता ते अक्षर नसून अक्षराचा फोटो असतो. यादी आयोगाकडे संगणकातच तयार होते, पण संकेतस्थळावर ती चित्राच्या रूपात ठेवली जाते. २०१८ च्या सुरुवातीला आयोगानं तसे निर्देश दिले. शोधता येणारी यादी मिळावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं ती मागणी मान्य केली नाही. ज्याला हवी त्यानं स्वतः कष्ट घेऊन ती शोधता येण्याजोगी करावी, असा निकालाचा सूर होता. लाखो लोकांची माहिती कोणी एका झटक्यात उचलू नये, हे आयोगाचं म्हणणं मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं आहेत ते पक्ष आणि कंपन्या चित्रातून मजकूर काढून घेतातच. अडतात ती मोहल्ल्यातली पोरं. आणि चित्रातून अक्षरं परत काढताना ज्या चुका होतात, त्या मूळ यादीत नसतात, वाटेत तयार होतात. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

तुमच्या हातातली फाइल चित्राची आहे की अक्षरांची, हे एका ओळीत कळतं :

```
pdffonts yadi.pdf
```

खाली एकाही फॉन्टचं नाव आलं नाही, तर सगळी चित्रं आहेत. फॉन्ट दिसले म्हणून लगेच खूश होऊ नका. जुन्या कागदपत्रांत कृतिदेवसारखे फॉन्ट असतात. त्यांत पडद्यावर "मराठी" दिसतं, पण कॉपी केलं की `ejkBh` असं हाती येतं. तो मात्र स्कॅनिंगचा दोष नाही, आणि फॉन्ट कोणता ते कळलं तर रूपांतर करणाऱ्या साधनानं बराचसा सुधारता येतो.

मग ओसीआर करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ओसीआर म्हणजे अक्षराच्या आकारावरून ते कोणतं असावं याचा यंत्रानं केलेला अंदाज. फुकट मिळणारं टेसरॅक्ट मराठी वाचतं, त्यासाठी त्याची `mar` नावाची भाषा-फाइल लागते. आधी पानांची चित्रं काढायची :

```
pdftoppm -r 300 -gray -png yadi.pdf pan
```

३०० म्हणजे इंचामागे ३०० ठिपके. मूळ चित्रच इंचामागे १५० ठिपक्यांचं असेल तर ३०० लिहून त्यात नवा तपशील येत नाही, फोटो नुसता फुगतो. मूळ चित्र किती ठिपक्यांचं आहे ते `pdfimages -list yadi.pdf` सांगतं.

यानंतरची पायरी नवखी मुलं हमखास गाळतात. यादीच्या पानावर तीन स्तंभ आणि दहा ओळी, असे पूर्ण पानाला ३० खाने असतात. प्रत्येक खान्यात एक मतदार : अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. अख्खं पान टेसरॅक्टला दिलं की ते कधी कधी डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं. मग पहिल्या खान्यातल्या माणसाचं नाव, दुसऱ्यातल्याचं आणि तिसऱ्यातल्याचं नाव एकाच ओळीत येतं. त्यातून एकाचा बाप दुसऱ्याला चिकटतो. म्हणून आधी पानाचे ३० तुकडे करायचे आणि एकेक तुकडा वाचायला द्यायचा :

```
tesseract khana.png khana -l mar+eng --psm 6 tsv
```

तुकड्याच्या फाइलला पान क्रमांक आणि खान्याचा क्रमांक द्या, आणि तुकडे जपून ठेवा. पुढे प्रत्येक शंकेला तोच पुरावा लागणार आहे.

यंत्र ९८ टक्के बरोबर वाचतं म्हणतात. म्हणजे शंभरात दोनच नावं चुकणार ना?

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून इथं जरा थांबू या.

९८ टक्के हा हिशेब अक्षरांचा असतो, नावांचा नव्हे. "शेख अब्दुल रज्जाक इस्माईल" हे नाव घ्या. काना, मात्रा, वेलांट्या, हलन्त धरून संगणकाच्या लेखी त्यात २२ चिन्हं आहेत. प्रत्येक चिन्ह बरोबर येण्याची शक्यता ९८ टक्के असेल, तर सगळी २२ बरोबर येण्याची शक्यता ०.९८ चा २२ वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ६४ टक्के. शंभरातली ३६ नावं कुठे ना कुठे चुकलेली. आता तुम्ही जुनी यादीही ओसीआर करता आणि नवीही. नाव तंतोतंत जुळायला ते दोन्हीकडे बरोबर वाचलं जायला हवं. ती शक्यता उरते सुमारे ४१ टक्के.

समजा जुन्या यादी भागात ११८० मतदार आहेत, आणि त्यातलं एकही नाव वगळलेलं नाही. तरी तुमच्या एक्सेलमध्ये ६९० च्या आसपास नावं 'गायब' दिसतील. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे सहाशे-सातशेचे आकडे बहुतेकदा असेच जन्माला येतात. अचूकता ९९ टक्क्यांवर गेली तरी दोन्हीकडे जुळणारी नावं ६४ टक्केच. प्रत्यक्षात चुका अशा सारख्या पसरलेल्या नसतात. एखादं पान पुसट असतं, एखादं अक्षर सतत चुकतं. त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण कुठे नेऊन ठेवतो हे कळायला एवढा हिशेब पुरे.

कोणती अक्षरं जास्त चुकतात?

आपल्या नावांपुरतं बोलायचं तर पहिला मान 'ख' चा. जुन्या वळणाचा ख हा र आणि व शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. मराठीत तो खालून जोडून लिहायची पद्धत याच घोटाळ्यासाठी आली. फिकट स्कॅनमध्ये ती खालची जोड पुसली जाते, आणि शेखचा 'शेरव' होतो, खानचा 'रवान'. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांचंही तसंच. टिंब उडून 'तांबोळी' चा 'ताबोळी' होतो, रफार उडून 'मिर्झा' चा 'मिझा'.

मुलं म्हणतात, मग 'रव' शोधून सगळीकडे 'ख' टाकू. टाकून बघा. 'परवीन' ची 'पखीन' होते, 'सरवर' चा 'सखर', आणि शेजारच्या 'गौरव' चा 'गौख'. अशी बदली अख्ख्या शब्दापुरतीच करायची : शब्द 'शेरव' असेल तर 'शेख', 'रवान' असेल तर 'खान'. शब्दाच्या पोटात हात घालायचा नाही.

टेसरॅक्ट प्रत्येक शब्दापुढे `conf` या रकान्यात खात्रीचा आकडा देतं, ० ते १०० मध्ये. तो कामाचा आहे, पण एकाच दिशेनं. आकडा कमी असेल तर तुकडा डोळ्यांनी बघा, बहुधा काहीतरी गडबड असते. आकडा जास्त आहे म्हणून शब्द बरोबर, असं मात्र नाही. 'रवान' मधलं प्रत्येक अक्षर सुबक आहे, यंत्राला शंका यायचं कारणच नसतं.

मग भरवशाचं काहीच नाही?

आहे की. माझी कसोटी साधी आहे : कागदावरच्या ज्या गोष्टीची पडताळणी त्याच कागदावरच्या दुसऱ्या गोष्टीवरून करता येते, ती भरवशाची.

अनुक्रमांक तसा आहे. १, २, ३ असा तो चढत जातो, मध्ये खंड पडला तर तुकडा हरवला किंवा आकडा चुकला हे लगेच कळतं. एकूण संख्याही तशीच. यादीच्या शेवटी गोषवारा असतो : मूळ यादीतले मतदार, पुरवणीत वाढलेले, वगळलेले आणि निव्वळ उरलेले. समजा मूळ ११५६, वाढ २४, वगळणी ३८, निव्वळ ११४२. तुमच्या एक्सेलमध्ये ११५६ मूळ ओळी नसतील तर पुढे जाऊच नका. आणि ३८ वगळलेले तुम्हाला वेगळे दाखवता आले नाहीत, तर तुम्ही वगळलेल्या माणसांनाही जिवंत मतदार धरताय. हे वारंवार होतं, कारण वगळलेल्या खान्यावर तिरपा शिक्का छापलेला असतो. यंत्र एक तर तो शिक्का वाचतच नाही, किंवा त्याच्यामुळे खालचं नावही बिघडवतं.

सगळ्यात मोठा आधार ओळखपत्राच्या क्रमांकाचा, ज्याला आपण एपिक नंबर म्हणतो. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे. साचा ठरलेला असल्यामुळे पहिल्या तीन जागी 0 वाचला गेला तर तो O असणार, आणि शेवटच्या सात जागी O आला तर तो 0. S आणि 5, B आणि 8, I आणि 1 हेही जागेवरून सुटतात. पण 3 चा 8 झाला, 1 चा 7 झाला, तर साचा मोडत नाही आणि चूक तशीच आत जाते. आपल्याकडच्या जुन्या कार्डांवर `MT/` नं सुरू होणारे लांब क्रमांक असायचे. त्यांचा साचा वेगळा, आणि कार्ड बदललं की क्रमांकही बदलतो.

वय आणि लिंग यांचा उपयोग स्वतंत्र नाही, पण जुळणी तपासायला होतो. पाच वर्षांपूर्वीच्या यादीत ४३ असलेला माणूस आज ४८ च्या आसपास हवा. घर क्रमांक मी मोजतच नाही. तो मूळ यादीतच कुठे असतो, कुठे नसतो, कुठे सगळ्यांना एकच असतो.

हे सगळं धरून जुळणी कशी करायची?

तेच उदाहरण पुढे नेतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

जुन्या यादीत ११८० जण. नावं बाजूला ठेवा आणि आधी फक्त एपिक नंबरवर जुळवा. समजा १००० जुळले. उरले १८०. इथं थांबून "१८० गायब" म्हणायचं नाही. हे १८० म्हणजे तुमच्या कामाची यादी आहे, निष्कर्ष नाही. आता प्रत्येकाचा जुना तुकडा उघडा. नव्या यादीत ज्यांचं वय बसतं आणि वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचं पहिलं अक्षर जुळतं, असे तुकडे शेजारी लावा आणि डोळ्यांनी बघा. समजा ९० जणांचा एपिक नंबर कुठल्या तरी एका बाजूला चुकीचा वाचला गेला होता, माणूस जागेवरच आहे. २५ जणांचं कार्ड बदललं होतं. राहिले ६५.

या ६५ जणांसाठी पुरवणीतली वगळणी बघा. तिथं कारणाचं इंग्रजी अक्षर असतं : E म्हणजे मयत, S म्हणजे स्थलांतर, R म्हणजे दुबार. समजा ४१ तिथं सापडले. उरलेल्या २४ जणांचे एपिक नंबर `electoralsearch.eci.gov.in` वर एकेक करून टाका, कारण यादी भाग बदलून माणूस शेजारच्या बूथवर गेलेला असू शकतो. मग घरी जा. त्या ४१ जणांपैकी मयत लिहिलेलं कोणी दार उघडून समोर उभं राहिलं, तर तुमचं खरं काम तिथं सुरू होतं. त्याच्यासाठी फॉर्म ६ भरायचा, आणि आपलं नाव कोणत्या आधारावर काढलं हे लेखी विचारायचं.

एका यादी भागासाठी दोन माणसांचे तीन-चार दिवस जातात. याहून लवकर होतं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

सगळे तुकडे डोळ्यांनी तपासणं शक्य नसेल तर?

मग नमुना तपासा, पण आपल्या सोयीचा नव्हे. सगळ्या पानांत विखुरलेले ९० खाने चिठ्ठ्या टाकून निवडा आणि चित्राशी ताडून बघा. ९० मध्ये एकही चूक सापडली नाही, तरी "चूक शून्य" असं म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात याला एक ढोबळ नियम आहे : तीनाला तपासलेल्या संख्येनं भागा. तीन भागिले ९०, म्हणजे खरी चूक तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकते. ११४२ च्या यादीत ते ३८ मतदार झाले. तुम्ही २४ जणांचा दावा करणार असाल, तर ३८ ची ढिलाई परवडत नाही. तेव्हा ज्यांच्याबद्दल दावा करायचा, ते सगळेच्या सगळे डोळ्यांनी पाहिलेले हवेत. नमुना बाकीच्यांसाठी.

यादीतून आपल्या समाजाचे किती, हे काढता येईल का?

यादीत धर्माचा रकाना नाही. जे कागदावर नाही ते कागदातून निघत नाही, तुम्ही ते आडनावावरून ठरवता. आणि महाराष्ट्रात हे ठरवणं किती अवघड आहे ते आपल्यालाच जास्त माहीत असायला हवं. पाटील, देशमुख, इनामदार, पटेल, चौधरी दोन्हीकडे आहेत. गुलाब आणि सिकंदर ही नावंही दोन्हीकडे आहेत. त्यावर ओसीआरची चूक चढली की 'आपले इतके, त्यांचे इतके' हा आकडा नुसती करमणूक उरते. मला त्यात आणखी एक धोका दिसतो. हीच पद्धत उलट बाजूनंही वापरता येते.

उलट बाजूनं म्हणजे?

दुबार शोधायला. एकाच यादी भागात 'शेख अहमद' किंवा 'सय्यद अली' नावाचे चार-पाच जण निघणं आपल्या वस्तीत नवल नाही. आडनावं मोजकी, नावंही मोजकी. वडिलांच्या नावाची ओळ ओसीआरमध्ये बिघडली किंवा गाळली, की हे सगळे एकच माणूस दिसायला लागतात. अशा यादीवरून कोणी गठ्ठ्यानं फॉर्म ७ भरले, म्हणजे नाव वगळायच्या हरकती घेतल्या, तर हयात मतदाराला आपण आपणच आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं. अशी हरकत आली तर पहिला प्रश्न हाच विचारा : दोन्ही खान्यांचे एपिक नंबर, वय आणि वडिलांचं नाव मूळ चित्रावरून पाहिलंत का? नाव सारखं असणं हा दुबार असल्याचा पुरावा नाही.

आणि एक. यंत्र बरोबर वाचतं तेव्हाही यादी बरोबर असेलच असं नाही. 'शैख', 'शेख', 'सैयद', 'सय्यद', 'अ. रजाक', 'अब्दुल रज्जाक' हे फरक भरणाऱ्यानं मूळ नोंदीतच करून ठेवलेले असतात. ते ओसीआरची चूक समजून आपल्या एक्सेलमध्ये 'सुधारू' नका. एक रकाना यंत्रानं वाचलेला, एक चित्रावर जसं आहे तसा, आणि माणसाचं खरं नाव तिसऱ्या रकान्यात ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात फरक असेल तर त्यासाठी दुरुस्तीचा फॉर्म ८ आहे.

वडिलोपार्जित दस्त मोडीत आहे, निकाहनामा उर्दूत हातानं लिहिलेला आहे. तोही असाच वाचता येईल?

नाही. टेसरॅक्टच्या नेहमीच्या भाषांत मोडी नाही. छापील नस्तालिकच त्याला नीट जमत नाही, हाताची तर दूरची गोष्ट. चांगल्या उजेडात फोटो काढा आणि मोडी किंवा उर्दू वाचणाऱ्या जाणत्याकडे न्या. न्यायचा तर मूळ कागद जपून ठेवून फोटोच न्या.

शेवटी तहसील कार्यालयात जाताना काय न्यायचं?

एक्सेल नव्हे. प्रत्येक माणसामागे एक कागद करा : वर जुन्या यादीतल्या त्याच्या खान्याचा तुकडा, खाली यादी भाग आणि अनुक्रमांक, एपिक नंबर, नव्या यादीत आणि संकेतस्थळावर कोणत्या तारखेला शोधलं आणि कोणी शोधलं. त्याला माणसाची सही आणि ओळखपत्राची प्रत जोडा. दोन प्रती काढा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच परत या.